वेटिंग, आरएसी, तत्काळ आणि चार्ट : तिकीट हातात आहे, पण जागा आहे का?

आम्ही वारज्याहून बोलतोय. आमच्या वस्तीत विदर्भातली, मराठवाड्यातली, कर्नाटकातली कितीतरी कुटुंबं कामासाठी येऊन राहिली आहेत. दिवाळी, लग्नसराई, बहिणीचं बाळंतपण, गावाकडचं दुखणंखुपणं, कशासाठी ना कशासाठी पुणे स्टेशन गाठावं लागतंच. गटाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो. "पैसे भरले, तिकीट निघालं, मोबाईलवर मेसेजही आला. मग टीसी गाडीत चढू का देत नाही?"

आज या एकाच प्रश्नाचं उत्तर नीट समजून घेऊ. तिकिटावर WL, RAC, CNF अशी इंग्रजी अक्षरं असतात. पैसे आपण तिन्हीला जवळपास सारखेच भरतो, पण त्यांचा अर्थ फार वेगळा आहे. आणि शेवटचा निकाल लावतो तो चार्ट.

आधी गाडीत नावं कशी लागतात ते पाहू. आरक्षणाच्या डब्यात बर्थ मोजकेच असतात. आपल्या नेहमीच्या जुन्या स्लीपर डब्यात 72. ते भरेपर्यंत जी तिकिटं निघतात ती पक्की. त्यावर CNF असतं, म्हणजे कन्फर्म. बर्थ संपले की पुढचे काही प्रवासी आरएसीत जातात. तेही भरलं की त्यापुढचे सगळे वेटिंगमध्ये. पाण्याच्या टँकरपुढची रांग डोळ्यापुढे आणा. पुढची एखादी बाई रांग सोडून गेली की मागच्या सगळ्या एकेक पाऊल पुढे सरकतात. इथेही तसंच. पक्कं तिकीट कुणी रद्द केलं की तो बर्थ आरएसीतल्या पहिल्या माणसाला मिळतो, आणि आरएसीत मोकळी झालेली जागा वेटिंगच्या पहिल्या माणसाला.

आता आरएसी म्हणजे काय? बसायची जागा पक्की, झोपायची नाही. डब्यात वाटेच्या बाजूला खिडकीपाशी जो खालचा बर्थ असतो, त्याला साइड लोअर म्हणतात. स्लीपरमध्ये त्याचे नंबर 7, 15, 23, 31 असे आठाआठाने वाढत जातात. त्यातले काही बर्थ आरएसीसाठी असतात. अशा एका बर्थवर दोन माणसं बसतात. भाडं मात्र दोघांनाही पूर्ण बर्थचंच पडतं, अर्धं नाही. हे अनेकींना खटकतं आणि खटकण्यासारखंच आहे. पण एक गोष्ट लक्षात ठेवा, आरएसीचं तिकीट हे प्रवासाचं खरं तिकीट आहे. चार्ट लागल्यावरही आरएसीच राहिलं तरी तुम्ही हक्काने गाडीत चढू शकता. कुणी उतरवू शकत नाही.

आणि आरएसीवाल्यांची आशा गाडी सुटल्यावरही संपत नाही. पक्कं तिकीट असलेला एखादा प्रवासी आलाच नाही, तर टीसीने तो बर्थ आधी आरएसीवाल्याला द्यायचा असतो, तोही यादीतल्या क्रमाने. म्हणून चढल्यावर जागेवर बसून राहा, टीसी आला की तिकीट दाखवा आणि सरळ विचारा, "साहेब, आमचं आरएसी आहे, बर्थ रिकामा झाला का?" शेजारी अनोळखी पुरुष आला आणि रात्रभर तसं बसणं नको वाटलं, तर तेही टीसीला सांगा. दुसऱ्या आरएसीवाल्या बाईशी जागा बदलून मागता येते.

आता वेटिंग. तिकिटावर दोन आकडे दिसतात. उदाहरणार्थ GNWL 18 / WL 6. पहिला आकडा तिकीट काढलं तेव्हाचा, तुम्ही अठरावे होता. दुसरा आजचा, आता सहावे आहात. मधली बारा माणसं पुढे सरकली किंवा तिकीट रद्द करून गेली. बघायचा असतो तो दुसरा आकडा.

WL च्या आधीची अक्षरंही वाचा, कारण एकाच गाडीत वेटिंगच्या रांगा एकाहून जास्त असतात. पुण्याहून नागपूरला जायचं आहे असं धरा. एक गाडी पुण्याला सुटते आणि नागपूरलाच संपते. दुसरी आझाद हिंद एक्स्प्रेस, ती पुण्याहून सुटून नागपूरवरून पुढे पार हावड्याला जाते. गाडी जिथून सुटते तिथून शेवटपर्यंत जाणाऱ्यांच्या वाट्याला सगळ्यात जास्त बर्थ असतात. त्यांच्या रांगेला GNWL म्हणतात. ही रांग सगळ्यात भराभर सरकते, कारण बर्थ जास्त म्हणजे रद्द होणारी तिकिटंही जास्त. मधल्याच स्टेशनांपर्यंत किंवा मधल्या स्टेशनांवरून जाणाऱ्यांसाठी बर्थ थोडे असतात. त्यांच्या रांगांना PQWL किंवा RLWL अशी अक्षरं असतात. तिथे दहावा नंबरसुद्धा अडकून पडू शकतो, आणि GNWL मधला पंचविसावा सुटू शकतो. म्हणून नुसता आकडा लहान आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. एकाच मुक्कामाला दोन गाड्या जात असतील, तर जी तुमच्या गावी संपते तिच्यात आधी पाहा.

आता येऊ चार्टकडे. चार्ट म्हणजे कोण कुठल्या डब्यात, कुठल्या बर्थवर, याची शेवटची यादी. वेगवेगळ्या कोट्यांसाठी राखून ठेवलेले आणि न विकले गेलेले बर्थ याच वेळी मोकळे होतात. म्हणून चार्टच्या वेळी वेटिंगचा आकडा एकदम खाली येताना दिसतो. पूर्वी हा चार्ट गाडी सुटायच्या चार तास आधी लागायचा. घरातून निघायची वेळ झाली तरी निकाल कळत नसे. वारज्यातून स्टेशनपर्यंत रिक्षा करायची आणि तिथून परत फिरायचं, असं व्हायचं. 2025 च्या जुलैपासून रेल्वेने ही वेळ मागे घेतली, आधी आठ तासांवर आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात दहा तासांवर. पहाटे पाचनंतर आणि दुपारी दोनपर्यंत सुटणाऱ्या गाड्यांचा पहिला चार्ट आदल्या रात्री आठपर्यंत लागतो. त्यानंतरच्या, म्हणजे दुपारच्या, संध्याकाळच्या आणि रात्रीच्या गाड्यांचा किमान दहा तास आधी. म्हणजे संध्याकाळी सहाची गाडी असेल, तर सकाळी आठच्या सुमाराला निकाल कळतो. खेड्यातून स्टेशनला येणाऱ्या बायकांसाठी हे फार सोयीचं झालं. एसटी पकडायच्या आधीच कळतं, जायचं की नाही.

निकाल कसा पाहायचा? तिकिटावर दहा आकड्यांचा पीएनआर नंबर असतो. तो 139 या नंबरवर फोन करून सांगता येतो किंवा मेसेजने पाठवता येतो. मेसेज असा लिहायचा:

```
PNR 1234567890
```

या दहा आकड्यांच्या जागी तुमचा नंबर. ॲपवर पाहिलंत तर चार्ट लागण्याआधी CHART NOT PREPARED आणि लागल्यावर CHART PREPARED असं लिहून येतं. हे दुसरं वाक्य दिसलं की पुढे जे लिहिलंय तेच खरं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. चार्ट लागला आणि तुमचं तिकीट वेटिंगच राहिलं, तर पुढे काय होतं हे तिकीट कुठून काढलं त्यावर ठरतं.

मोबाईलवर किंवा ऑनलाइन दुकानातून काढलेलं असेल, आणि त्यावरचे सगळेच प्रवासी वेटिंगमध्ये राहिले असतील, तर ते तिकीट आपोआप रद्द होतं. चार्ट लागल्या क्षणी ते तिकीट राहतच नाही. ते दाखवून गाडीत बसलात तर टीसीच्या दृष्टीने तुम्ही विनातिकीट. मग पूर्ण भाडं आणि वर निदान 250 रुपये दंड. "पैसे भरलेत हो," हे तिथे चालत नाही, कारण ते पैसे रेल्वेने परतीला लावलेले असतात.

स्टेशनच्या खिडकीवर रांग लावून काढलेलं कागदी तिकीट असेल, तर ते आपोआप रद्द होत नाही. पण त्यावर स्लीपरच्या किंवा एसीच्या डब्यात बसता येत नाही. गाडी सुटायच्या अर्धा तास आधीपर्यंत ते रद्द करावं लागतं, तरच पैसे परत. नाहीतर त्याच तिकिटावर जनरल डब्यातून जाता येतं. लेकरं घेऊन रात्रभर जनरलमध्ये उभं राहायचं का, हे ज्याचं त्याने ठरवावं. पण आरक्षित डब्यात चढून "पाहू पुढे काय होतं ते" असं करू नका.

इथे बायकांसाठी कायद्यात एक तरतूद आहे, ती माहीत असावी. तिकीट नसलेल्या प्रवाशाला टीसी गाडीतून उतरवू शकतो. पण बरोबर पुरुष नसलेल्या बाईला किंवा मुलाला वाटेल त्या स्टेशनवर आणि रात्री उतरवता येत नाही. 1989 च्या रेल्वे कायद्याच्या 139 व्या कलमानुसार, तिने जिथून प्रवास सुरू केला ते स्टेशन, जंक्शन, गाडीचं शेवटचं स्टेशन किंवा जिल्ह्याचं ठिकाण, इथेच आणि फक्त दिवसाउजेडी उतरवता येतं. यामुळे दंड चुकत नाही. पण मध्यरात्री आडबाजूच्या स्टेशनवर कुणी उतरायला सांगितलं, तर नाही म्हणायचा हक्क तुम्हाला आहे.

आता एक उदाहरण सगळं जोडून पाहू. समजा, एका बचत गटातल्या चौघीजणी पुण्याहून नागपूरला लग्नाला निघाल्या. स्लीपरचं तिकीट, चौघींची नावं एकाच पीएनआरवर, ऑनलाइन काढलेलं. काढताना नंबर होते वेटिंग 11, 12, 13 आणि 14. आठवड्याने पाहिलं तर 3, 4, 5, 6. गाडी संध्याकाळी सहाची. सकाळी आठनंतर पाहिलं, चार्ट लागला होता. पहिल्या दोघी आरएसीत आल्या, उरलेल्या दोघी वेटिंग 1 आणि 2 वरच थांबल्या.

आता काय? चौघी एकाच तिकिटावर आहेत आणि त्यातल्या दोघींना आरएसी मिळालं आहे. म्हणून हे तिकीट आपोआप रद्द होत नाही. चौघींची नावं चार्टमध्ये राहतात आणि चौघी गाडीत चढू शकतात. पण जागा फक्त दोघींची, म्हणजे एका बर्थवर बसण्यापुरती. वेटिंगवाल्या दोघींना बसायची जागा हक्काने मिळणार नाही. त्या दोघींना जायचं नसेल, तर गाडी सुटायच्या अर्धा तास आधीपर्यंत त्यांच्यापुरतं तिकीट रद्द करता येतं.

याच चौघींनी दोन-दोन अशी वेगळी तिकिटं काढली असती तर? पहिलीवर आरएसी मिळालं असतं, आणि दुसरं तिकीट पूर्ण वेटिंगचं म्हणून सकाळीच रद्द झालं असतं. त्या दोघींना चढताच आलं नसतं, पण पैसे मात्र आपोआप परत फिरले असते. म्हणून तिकीट काढतानाच ठरवा. काहीही झालं तरी सगळ्यांनी मिळूनच जायचंय, तर नावं एकाच तिकिटावर असू द्या. एका तिकिटावर सहा नावं चालतात. ज्यांना बर्थ मिळेल त्यांनीच जावं असं असेल, तर वेगळी काढा.

आता तत्काळ. अचानक निघावं लागणाऱ्यांसाठी काही बर्थ शेवटपर्यंत राखलेले असतात, त्यांची विक्री आदल्या दिवशी होते. एसी डब्यांची सकाळी 10 वाजता, स्लीपरची 11 वाजता. भाड्यावर जादा पैसे पडतात, स्लीपरला अंतराप्रमाणे माणशी 100 ते 200 रुपये. एका तत्काळ तिकिटावर चारच नावं बसतात.

आदला दिवस म्हणजे कुठला, इथे बरेचजण गोंधळतात. तो मोजायचा गाडी जिथून सुटते तिथल्या तारखेपासून, तुम्ही चढता त्या तारखेपासून नव्हे. पुण्याहून सुटणाऱ्या गाडीत आपण 16 तारखेला चढणार, तर तत्काळ 15 तारखेला सुरू होईल, हे सरळ आहे. पण परत येताना नागपूरला आझाद हिंद पकडायची असेल, तर ती हावड्याहून आदल्या रात्री निघालेली असते. तुम्ही 16 ला नागपुरात चढणार, म्हणजे गाडी हावड्याहून 15 ला निघाली. मग तिचं तत्काळ सुरू होतं 14 ला. 15 ला सकाळी 11 वाजता खिडकीवर उभं राहिलात, तर एक दिवस उशीर झालेला असतो.

2025 च्या जुलैपासून तत्काळचे नियम कडक झाले. ऑनलाइन काढायचं तर खातं आधारशी जोडलेलं हवं. खिडकीवर किंवा एजंटाकडे काढायचं तर अर्जात दिलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो, तो सांगावा लागतो. म्हणून मोबाईल घरी नवऱ्याकडे ठेवून खिडकीवर जाऊ नका. पहिल्या अर्ध्या तासात एजंटांना तत्काळ काढायची मुभा नाही. "अकराच्या ठोक्याला काढून देतो, वरचे पाचशे द्या," असं कुणी म्हणालं, तर तो नियमाने काढणार नाही हे समजा.

तत्काळच्या दोन अडचणी आहेत. एक, पक्कं तत्काळ तिकीट रद्द केलं तर एक पैसाही परत मिळत नाही. गाडीच रद्द झाली, किंवा तीन तासांहून जास्त उशिरा आहे म्हणून तुम्ही गेलाच नाहीत, तरच पैसे मागता येतात. दोन, तत्काळमध्येही वेटिंग असतं, त्यावर TQWL लिहिलेलं असतं. ते सुटणं फार अवघड. कारण उघड आहे. पैसे परत मिळत नाहीत म्हणून तत्काळवाले तिकीट रद्द करत नाहीत, त्यामुळे ही रांग पुढे सरकतच नाही. शिवाय तत्काळच्या वेटिंगला मध्ये आरएसीची पायरी नाही. साधं वेटिंग हातात असेल तर ते मोडून तत्काळचं वेटिंग घेऊ नका.

शेवटी पैसे परत येण्याबद्दल. वेटिंगचं किंवा आरएसीचं साधं तिकीट रद्द झालं की माणशी 60 रुपये कापून बाकीचे परत मिळतात, एसीला थोडा कर जास्त लागतो. पण परत कुठे येतात? ज्या खात्यातून भरले त्याच खात्यात. तिकीट गावातल्या ऑनलाइन दुकानातून काढलं असेल, तर पैसे दुकानदाराकडे येतात, तुमच्याकडे नाही. पुष्कळजणींचे पैसे इथेच राहून जातात. तिकीट आपोआप रद्द झालं हेच त्यांना कळलेलं नसतं आणि दुकानदार स्वतःहून सांगत नाही.

यावर उपाय एकच. तिकीट काढताना दुकानदाराचा नव्हे, आपला मोबाईल नंबर द्या. अधिकृत एजंटाकडचं तिकीट रद्द झालं, की परतीच्या रकमेचा मेसेज आणि ओटीपी प्रवाशाच्या मोबाईलवर येतो. तो ओटीपी एजंटाला सांगायचा तो पैसे हातात घेतानाच. अधिकृत एजंटाच्या तिकिटावर त्याचं नाव-पत्ता छापलेलं असतं. ते नसेल आणि दुकानदार स्वतःच्या घरच्या खात्यातून लोकांना तिकिटं विकत असेल, तर तो कायद्याने गुन्हा आहे आणि अशा तिकिटाचे पैसे मागायला तुमच्या हातात काहीच राहत नाही.

वेटिंग रद्द झाल्यावरही एक वाट उरते. पहिल्या चार्टनंतर गाडीत काही बर्थ उरले, तर ते लगेच विकायला काढतात. त्याला करंट बुकिंग म्हणतात. दुसरा चार्ट गाडी सुटायच्या अर्धा तास आधी लागतो, तोवर हे चालतं. तुमचं रद्द झालेलं तिकीट दुसऱ्या चार्टात पुन्हा उभं राहत नाही. नवीन तिकीट काढावं लागतं. सणासुदीला मिळणं कठीण, पण एरवी एखाद्या गाडीत बर्थ मिळून जातो, आणि तत्काळचे जादा पैसेही पडत नाहीत.

गटातल्या कुणाकडे वेटिंगचं तिकीट असेल, तर हा अंक पुढच्या बैठकीला घेऊन जा आणि तिच्या तिकिटावरची अक्षरं सगळ्यांनी मिळून वाचा. WL च्या आधी काय आहे, दुसरा आकडा किती आहे, मोबाईल नंबर कुणाचा आहे आणि चार्ट किती वाजता लागणार. एवढ्या चार गोष्टी कळल्या की घरून निघायचं की नाही, हे घरीच ठरवता येतं.